कुर्त्याचं चित्र तपासताना आधी कापड बघा

कुर्त्यांच्या कलेक्शनचं फॅशन-चित्र तपासायला घेतलं की बहुतेकांची नजर ठरलेल्या वाटेनेच जाते. आधी मॉडेलचा चेहरा आणि उभं राहण्याची ढब, मग रंगकामाची सफाई, आणि शेवटी गळ्यांचे नि बाह्यांचे प्रकार किती याची मोजदाद. गुणपत्रिका असेल तर तिच्यात तीन रकाने असतात: सिलुएटची म्हणजे बाह्याकारांची विविधता, कलर स्टोरी आणि कापडाचं चित्रण. प्रत्येकाला वेगळे गुण द्यायचे आणि खाली बेरीज करायची. ही पद्धत सोयीची आहे, पण ती उथळ आहे असं माझं ठाम मत आहे. हे तीन रकाने एकमेकांपासून सुटे नाहीतच. कुर्ता किती पसरेल, कुठे मोडेल, अंगाला किती चिकटेल हे कापड ठरवतं. एकच रंग कुठे मंद दिसेल आणि कुठे चमकेल, हेही कापडच ठरवतं. म्हणून तपासणीची सुरुवात कापडाच्या चित्रणापासून झाली पाहिजे. लिहिलेल्या कापडाचा आधार नसलेला बाह्याकार विविधतेत मोजायचा नाही, आणि त्या कापडावर उमटू न शकणारा रंग कलर स्टोरीत धरायचा नाही.

हे मी वडनेर भोलजीसारखं गाव डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे. नांदुरा तालुक्यातलं, मुंबई-कोलकाता महामार्गावरचं हे गाव. शिवणकाम शिकलेली, चित्रकलेचा हात असलेली एखादी मुलगी इथे स्वतःचे कुर्ते आखायला बसली, तर कापड ती मलकापूर, नांदुरा किंवा खामगावच्या दुकानातून आणणार. शहरातल्या मोठ्या कंपनीत चित्र आणि शिलाई यांच्यामध्ये पॅटर्न मास्टर असतो, नमुना शिवणारा असतो. चित्रातली चूक ते निस्तरून घेतात. इथे जी काढते तीच कापते. चित्राने घेराबद्दल खोटं सांगितलं, तर चार-पाच मीटर कापड वाया जातं. त्यामुळे गावातल्या चित्राला शहरातल्यापेक्षा सौम्य कसोटी लावावी, हा दयाळू विचार मला उलटाच वाटतो.

१. नजर वरवरची का होते

महाराष्ट्रात चित्रकलेची पहिली औपचारिक शिस्त बहुतेक मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय परीक्षांतून मिळते. त्यातल्या संकल्पचित्राचा म्हणजे नक्षीकामाचा संस्कार खोल जातो. दिलेली चौकट तोल राखून भरायची, एकक आकार पुन्हा पुन्हा मांडायचा, रंग सपाट आणि कडा स्वच्छ ठेवायच्या. त्या विषयापुरती ही शिस्त योग्यच आहे. पण हाच हात कुर्त्याकडे वळला की कुर्ताही एक चौकट होऊन बसतो. बुट्टे सारख्या अंतरावर पडतात, गळ्याभोवती नक्षी येते, रंग सपाट लागतो. मग तपासणारेही नक्षीच बघतात, कारण तेही त्याच परीक्षा देऊन आलेले असतात.

गंमत अशी की याच परीक्षांमध्ये वस्तुचित्रही असतं, आणि मांडणीत भांड्यांमागे बऱ्याचदा एखादं कापड सोडलेलं असतं. ते कापड कुठे टेकलंय, कुठून सुटलंय, त्याची घडी कुठे मोडली आहे हे तिथे बघावंच लागतं. कुर्त्याच्या चित्राला नक्षीकामापेक्षा ही नजर जास्त लागते.

आपल्याकडे या नजरेची मोठी परंपराही आहे. कोल्हापुरात 1867 साली जन्मलेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तिथेच शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी ओटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी निरनिराळ्या समाजांतल्या स्त्रियांची चित्रं काढली. ती फॅशनची चित्रं नव्हेत. पण त्यांच्यासमोर बसून कुणी नेसणीचा अभ्यास करायचा म्हटलं, तर पदर कुठून आला, कापड कुठे खोचलं, भार कुठे पडला, याचा माग डोळ्याला काढता येतो. एवढी कसोटी कुर्त्याच्या चित्राला लावणं अवाजवी नाही.

२. तपासायला एक पान

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक नमुना घेऊ. असं पान कोणत्याही शिवणवर्गात सापडेल. विदर्भाच्या उन्हाळ्यात कॉलेजला किंवा नोकरीवर जाणाऱ्या मुलींसाठी सहा कुर्ते आहेत. पहिला सरळ कटाचा, गुडघ्याखाली येणारा, बोट नेकचा, खादीचा. दुसराही सरळच, पण पुढे अंगरख्यासारखा तिरपा पदर, आणि कापड खण. तिसरा पुन्हा सरळ, खादीचा, उभ्या कॉलरचा. चौथा ए-लाइन, उभ्या पट्ट्यांच्या सुती कापडाचा. पाचवा अनारकली, छातीखाली शिवण आणि तिथून पूर्ण गोल घेर. त्याच्याही खाली ‘खादी’ असंच लिहिलेलं. सहावी मलमलची आखूड कुर्ती. रंग अनुक्रमे निळा, हिरवा-जांभळा धूपछाव, पिवळा, लाल, गुलाबी आणि पोपटी. रेषा सफाईदार आहेत, चेहरे सुंदर आहेत. नेहमीच्या पद्धतीत या पानाला चांगले गुण मिळतील, कारण सहा गळे वेगळे आहेत, रंग वेगळे आहेत आणि सगळीकडे छटाही दिलेल्या आहेत.

आता हेच पान कापडापासून बघू.

३. पहिली पायरी: कापड ओळखू येतं का

कुर्त्यांखाली लिहिलेली कापडांची नावं पट्टीने झाका आणि नुसत्या चित्रावरून कापड ओळखा. ओळखता आलं नाही, तर चित्रण झालेलं नाही, मग छटा कितीही मुलायम असोत. आपल्या पानावर पहिला, तिसरा आणि पाचवा कुर्ता खादीचा आहे, पण तिन्हींच्या चुण्या एकमेकींशी जुळत नाहीत. पाचव्याचा घेर तर जॉर्जेटसारखा अरुंद, लांब, पाण्यासारख्या ओळींनी खाली उतरलाय. जाड खादी अशी उतरत नाही. तिच्या चुण्या थोड्या असतात, रुंद असतात, आणि वळणावर त्यांना कोन पडतो. खालचा काठ पायांना न चिकटता जरा दूर उभा राहतो. मलमलीचं याच्या उलट. तिच्या चुण्या पुष्कळ आणि बारीक पडतात, कापड अंगाच्या वळणावर बसतं, आणि आतलं अस्तर किंवा सलवारीची कडा तिच्यातून पुसट दिसते. सहाव्या कुर्तीत ही पारदर्शकता कुठेच नाही. अस्तराची कडा दाखवलेली नाही, म्हणजे अस्तर लावायचं की नाही याचा विचारच झालेला नाही. उन्हाळ्यातल्या पातळ कुर्तीत हा प्रश्न पहिला येतो.

चुण्या किती आणि केवढ्या काढायच्या, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. कापडाचा फॉल मोजायची प्रयोगशाळेतली एक जुनी पद्धत आहे. 18 सेंटीमीटरच्या गोल चकतीवर 30 सेंटीमीटर व्यासाचा कापडाचा गोल तुकडा मधोमध ठेवतात, कडेने लोंबणाऱ्या कापडाची सावली घेतात आणि तिचं क्षेत्रफळ मोजतात. कापड ताठ असेल तर सावली मोठी पडते आणि घड्या थोड्या येतात. मऊ असेल तर सावली आक्रसते आणि घड्या वाढतात. क्षेत्रफळाची आपल्याला गरज नाही. साधारण तेवढ्याच रुंदीचा घरातला डबा उलटा ठेवून त्यावर खादीचा आणि मलमलीचा एकेक गोल तुकडा टाकला आणि वरून बघितलं, की फरक डोळ्यांना दिसतो. या चाचणीला मर्यादाही आहे. लोंबणारं कापड इथे जेमतेम सहा सेंटीमीटर असतं, तर अनारकलीत ते हातभर लांब असतं आणि स्वतःच्या वजनाने आणखी ओढलं जातं. त्यामुळे खऱ्या घेरावर नेमक्या किती चुण्या पडतील हे डबा सांगणार नाही. दोन कापडांमध्ये जास्त कोणतं मोडतं, एवढं मात्र पक्कं कळतं, आणि एकाच पानावरची दोन कापडं वेगळी दाखवायला तेवढं पुरतं.

दुसरी खूण चुणी सुटते त्या जागेची. कापड अंगावर फक्त काही ठिकाणी टेकलेलं असतं: खांदा, छातीचा उंचवटा, वाकवलेलं कोपर, कमरेची किंवा छातीखालची शिवण. प्रत्येक चुणी अशा एखाद्या टेकूपासून निघते किंवा दोन टेकूंमध्ये ताणलेली असते. पोटाच्या मध्येच सुरू होऊन मध्येच संपणारी चुणी ही चुणी नव्हे, ती सजावटीसाठी ओढलेली रेघ झाली. आपल्या पानावर पहिल्या आणि तिसऱ्या कुर्त्यावर अशा रेघा भरपूर आहेत. मॉडेलने एक हात कमरेवर ठेवलाय, तरी वाकलेल्या कोपरापाशी एकही घडी नाही.

तिसरी खूण सगळ्यांत बोलकी आहे: कापडावरची नक्षी. खणाची छोटी, ओळीत विणलेली नक्षी चुणीवर आली की तिच्याबरोबर वळते. चुणीच्या कडेला ती अरुंद होते आणि आतल्या भागात दिसेनाशी होते. दुसऱ्या कुर्त्यात मात्र नक्षी सपाट छापल्यासारखी सगळीकडे सारखी आहे आणि तिच्यावरून नंतर राखाडी सावली फिरवलेली आहे. मापही बघायला हवं. चित्रातला खांदा चार सेंटीमीटरचा आहे. अंगावरचा खांदा चौदा इंच धरला तर एक इंचाची नक्षी चित्रात तीन मिलिमीटरच्या आतबाहेर यायला हवी. इथे ती सेंटीमीटरभर आहे, म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन इंच. इतक्या मोठ्या नक्षीला कुणी खण म्हणणार नाही.

चौथ्या कुर्त्यातल्या पट्ट्यांची चूक याहून सूक्ष्म आहे. ए-लाइन खाली रुंद होत जातो, म्हणून चित्रकर्तीने पट्ट्याही पंख्यासारख्या खाली पसरवल्या आहेत, बाजूच्या शिवणीला समांतर. असं कापड मागावर विणलं जात नाही. मागावरची पट्टी वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीची असते. ए-लाइन कापताना बाजूची शिवण तिरपी जाते, तेव्हा कडेच्या पट्ट्या त्या शिवणीत एकेक करून संपतात. चित्रात शिवणीपाशी हे तुटणं दिसलं तर काढणारीने कापड डोळ्यांपुढे पसरलं होतं असं समजावं. दिसलं नाही तर तिने फक्त कागद भरला.

४. दुसरी पायरी: बाह्याकार खरे किती

बाह्याकार मोजायची जुनी युक्ती अजूनही सर्वांत चांगली आहे. पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक कुर्त्याची फक्त बाहेरची कड उतरवायची आणि आतला भाग काळा भरायचा. गळे, बटणं, पदर, कॉलर सगळं काळ्यात बुडतं. मग उरलेल्या काळ्या आकृत्यांत चार ठिकाणच्या रुंद्या बघायच्या, खांद्याची, कमरेची, सीटची आणि घेराची, आणि पाचवी गोष्ट म्हणजे उंची. यांतलं निदान एक माप ठळक बदललं असेल तरच तो वेगळा बाह्याकार.

उंची बघताना एक सावधगिरी हवी. माणसाची खरी उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात-आठ पट असते. फॅशनच्या क्रोकीत ती नऊ-दहा पट करतात, आणि ही वाढीव लांबी बरीचशी पायांत घालतात. म्हणून कुर्त्याची उंची चित्रातल्या सेंटीमीटरांत मोजली तर फसगत होते. ती गुडघा, पोटरी, घोटा अशा अंगावरच्या खुणांवरूनच वाचायची. आडवी मापं मात्र खांद्याशी ताडून बघता येतात.

आपल्या पानावर काळं भरल्यावर पहिला, दुसरा आणि तिसरा कुर्ता एकच होतो. बोट नेक, तिरपा पदर आणि उभी कॉलर हे तीन चांगले तपशील आहेत, पण ते तीन बाह्याकार नव्हेत. सहावी कुर्ती उंचीमुळे स्पष्ट वेगळी राहते. खरा वाद चौथा आणि पाचवा यांचा. अनारकली ए-लाइनपेक्षा जेमतेम रुंद दिसतो, तरी नाव वेगळं म्हणून सगळे त्याला वेगळे गुण देतात. इथे हिशेब करू.

छातीखालच्या शिवणीचा घेर 30 इंच आणि तिथून खालची उंची 34 इंच. पूर्ण गोल घेर म्हणजे आतल्या वर्तुळाची त्रिज्या पावणेपाच इंचांच्या आसपास आणि बाहेरच्याची जवळजवळ 39. म्हणजे खालचा घेर साधारण 244 इंच, सहा मीटरच्या वर. त्यातला निम्मा, 122 इंच, समोरून दिसणाऱ्या बाजूला येतो. चित्रात काठाची रुंदी दहा सेंटीमीटर आहे, म्हणजे खांद्याच्या मापाने 35 इंच. दिसणाऱ्या प्रत्येक इंचात साडेतीन इंच कापड मावायला हवं. तेव्हा काठाची रेषा खोल आतबाहेर गेली पाहिजे, चुण्यांची तोंडं खालून दिसली पाहिजेत आणि त्यांच्या आतला अंधारही. आता काठाच्या रेषेवर दोरा ठेवून मोजा. तो बारा सेंटीमीटर भरतो, म्हणजे 42 इंच. मागे वळलेला भाग चित्रात दिसत नाही, म्हणून दोरा कमीच भरणार, हे मान्य. त्याची दुप्पट धरली तरी समोर 84 इंच होतात, 122 नव्हे. चित्रकर्तीने ए-लाइन काढला आणि खाली अनारकली लिहिलं.

आणि हा घेर खादीत निघेल का? त्रिज्या 39 इंच. 44 इंची पन्ह्यात एवढा तुकडा बसतो, आणि दोन अर्धगोल कापायला चार मीटर कापड लागतं. वरचा भाग आणि बाह्या वेगळ्याच. पण खादी 36 इंची पन्ह्याची मिळाली तर तुकडा बसतच नाही, जोड द्यावा लागतो. शिवाय पूर्ण गोल घेरात काही भाग उरेप येतो. तो टांगल्यावर ओघळतो आणि काठ वरखाली होतो, म्हणून कारागीर असा कपडा आधी टांगून ठेवतात आणि मग काठ सारखा करतात. जाड खादीला यापेक्षा कळ्यांचा अनारकली जास्त शोभतो. बारा कळ्या घेतल्या, प्रत्येक वर अडीच इंच आणि खाली बारा इंच, शिवणीची माया सोडून, तर वर बरोबर 30 इंच भरतात आणि खाली 144. समोर 72 इंच येतात, म्हणजे दिसणाऱ्या 35 इंचांच्या जेमतेम दुप्पट. एवढं कापड खादी थोड्या, रुंद चुण्यांत सामावून घेते. मग चित्रात छातीखालून निघणाऱ्या कळ्यांच्या सरळ शिवणी दिसल्या पाहिजेत आणि काठ घंटेसारखा बाहेर उभा राहिला पाहिजे. असं काढलं की काळ्या आकृतीत पाचवा कुर्ता आपोआप ए-लाइनपासून वेगळा होतो. कापड नीट काढल्याने बाह्याकार सुटला तो असा. दोन रकाने वेगळे ठेवणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

तेव्हा या पानावर आज खरे बाह्याकार तीन आहेत: सरळ, ए-लाइन आणि आखूड. पाचवा दुरुस्त केला तर चार होतील. तिसरा कुर्ता सरळ ठेवण्याऐवजी खादीच्या ताठपणाचा फायदा घेऊन मांडीपर्यंत, सैल आणि चौकोनी केला, बाह्या रुंद ठेवल्या, तर पाच. मलमलीत तो चौकोन कोसळेल, खादीत उभा राहील. पहिला आणि दुसरा सरळच राहिले तरी बिघडत नाही. सहा कुर्त्यांत पाच बाह्याकार पुष्कळ झाले, आणि खणाचं कापड सरळ कटातच सर्वांत चांगलं दिसतं, कारण त्याची नक्षी जितकी कमी कापली जाईल तितकी बरी.

५. तिसरी पायरी: रंग कापडातून येतो का

सहा कुर्त्यांना सहा रंग दिले म्हणजे कलर स्टोरी झाली, ही समजूत फार पसरलेली आहे. पण त्यातून सहा सुटे कपडे तयार होतात. कलेक्शनमध्ये एका कपड्यावरचा रंग दुसऱ्यावर लहान प्रमाणात पुन्हा भेटतो, एकीची ओढणी दुसरीवर चालते, आणि पान दुरून बघितलं तरी गडद-फिक्याची चाल लागते. पहिली कसोटी सोपी: पानाचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. आपल्या पानावर निळा, लाल आणि धूपछाव हे तिन्ही जवळपास एकाच करड्या छटेवर येतात, गुलाबी आणि पोपटी दुसऱ्या एका छटेवर, आणि पिवळा एकटाच उजळ राहतो. रंग सहा असले तरी गडद-फिक्याचे टप्पे जेमतेम तीन, आणि तेही कुठल्याच क्रमात नाहीत. दुसरी कसोटी अदलाबदलीची. पहिल्याची सलवार तिसऱ्यावर, चौथ्याची ओढणी सहावीवर अशी मनात लावून बघा. इथे एकही जोडी जमत नाही.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती तिसरी कसोटी, आणि तीच फारशी कुणी लावत नाही. रंग कापडाच्या विणीतून आलाय का? खणाचं उदाहरण घ्या. खण आपल्याकडे कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून येत आला आहे, आणि चोळीच्या कापडाचा आता कुर्ता झाला आहे. धूपछाव खणात ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा असतो. कापड हललं, वळलं की एक मागे जातो आणि दुसरा पुढे येतो. मग त्याच्या चुणीची सावली काळ्या किंवा राखाडी रंगाने करून कसं चालेल? हिरव्या अंगाचा खण असेल तर चुणीच्या वळणावर जांभळा उमटला पाहिजे. दुसऱ्या कुर्त्यात राखाडी सावली आहे, त्यामुळे खण मळलेला दिसतो, आणि नाव धूपछाव असूनही त्यातला दुसरा रंग पानावर येतच नाही.

तसंच खादीचं. तिला चमक नसते. उजेड तिच्यावर पसरतो आणि छटा हळूहळू बदलते. पोस्टर कलरने काढलेल्या खादीवर पांढऱ्या चकाकीचा फटकारा मारला, की ती सॅटिन होते. आपल्या पानावर पहिल्या निळ्या कुर्त्याला खांद्यावर असा फटकारा आहे. तो पुसला तर निळा खोल आणि शांत होतो, आणि शेजारचा खण आपोआप उजळतो. दोन रंगांमधला हा ताण दोन कापडांच्या पोतातून आला, रंगपेटीतून नव्हे.

या पानाची कलर स्टोरी मी अशी दुरुस्त करीन. मूळ धरायचं खणातले दोन धागे, हिरवा आणि जांभळा. पहिली खादी निळीच ठेवायची, पण त्या जांभळ्याकडे झुकलेली. तिसरी खादी न रंगवलेली, कोरी. कोऱ्या सुताचा हा मळकट पांढरा कापूस पिकवणाऱ्या या भागाला परका नाही, आणि गडद रंगांमध्ये त्याने पानाला श्वास मिळतो. पट्ट्यांच्या सुती कापडात कोरा आणि हिरवा. कळीदार अनारकलीला गडद जांभळा, कारण त्याचं क्षेत्रफळ सर्वांत मोठं आणि पानाचा भार तिथेच हवा. मलमल फिकी हिरवी, आतलं अस्तर कोरं, म्हणजे पारदर्शकतेतून तिसरी छटा फुकट मिळते. पिवळा काढून टाकायचा नाही, पण तो फक्त पायपिंगमध्ये आणि बटणांत, दोन-तीन कुर्त्यांवर. लाल, गुलाबी आणि पोपटी वगळायचे. ते वाईट रंग नाहीत, पण या कापडांपैकी कुणीच ते मागितलेले नाहीत.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप जाणकारांचा आहे. फॅशन-चित्र म्हणजे भाव, लय आणि वातावरण. शिवणीचा हिशेब सपाट तांत्रिक आरेखनात असतोच, मग चित्रावर तो का लादायचा? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. शिवणी, मापं आणि बटणांची अंतरं सपाट आरेखनातच हवीत. पण सपाट आरेखन एक गोष्ट कधीच सांगू शकत नाही, ती म्हणजे कापड अंगावर कसं पडेल. खादीचा आणि जॉर्जेटचा सरळ कुर्ता सपाट आरेखनात अगदी सारखा दिसतो. तो फरक दाखवण्यासाठीच तर चित्र असतं. अतिशयोक्तीला माझी हरकत नाही. पाय लांब करा, घेर उडवा, चेहरा दोन रेषांत उरकून टाका. अतिशयोक्ती कापडाच्या स्वभावाच्या दिशेने व्हावी, एवढंच. ताठ खादी आणखी ताठ काढली तर ती धिटाई आहे. तीच खादी वितळलेली काढली तर ती चूक आहे.

दुसरा आक्षेप सहानुभूतीचा. गावातल्या मुलीला ना लाइव्ह मॉडेल, ना महागडे मार्कर, ना शिक्षक, तिला एवढं कसं जमणार? मला वाटतं, उलट हीच कसोटी तिला सर्वांत स्वस्त पडते. सुंदर चेहरा आणि काचेसारखं रंगकाम यांना महागडं सामान आणि वर्षांचा सराव लागतो. कापड कसं पडतं हे बघायला दुकानातला अर्ध्या मीटरचा कटपीस, भिंतीतला खिळा आणि खिडकीचा उजेड पुरतो. शिवाय शिवण जाणणाऱ्या मुलीच्या बोटांना कापड आधीच माहीत असतं. तपासणाऱ्याने ते ज्ञान मोजलं, तर तिची मिळकत मोजली गेली. चेहरे मोजले, तर तिच्याजवळ जे नाही तेच मोजलं गेलं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. दुकानदाराला सरळ कटाचे कुर्तेच हवे असतात. कापड कमी लागतं, मापं सांभाळता येतात, आणि गिऱ्हाईक रंग नि गळा बघून घेतं. मग बाह्याकारांच्या विविधतेचा आग्रह कशाला? खरंच आहे, आणि म्हणून विविधतेचे गुण डोळे मिटून देऊ नयेत तसे कापूही नयेत. कलेक्शन जर सरळ कुर्त्यांचंच आहे असं पानावर आधी सांगितलेलं असेल, तर तिथे घेर मोजायचाच नाही. तिथे बघायची ती उंची, बाहीची रुंदी आणि बाजूच्या चिरेची सुरुवात. चीर सीटपासून निघाली तर खालचे दोन पल्ले सुटे होतात आणि चालताना काळी आकृती दुभंगते. गुडघ्यापासून निघाली तर कुर्ता नळीसारखा एकसंध राहतो. ताठ खादीत वरची चीर उघडी राहते, कारण पल्ले बाहेर उभे राहतात. मऊ सुतात तीच चीर मिटून जाते आणि पुढून दिसतही नाही. सरळ कुर्त्यांच्या पानावर सहाही जणींच्या चिरा एकाच जागी, एकसारख्या मिटलेल्या काढल्या असतील, तर विविधतेचे गुण तिथे कमी करायचे, मग गळे सहा असोत की बारा.